ब्राझीलला युरोप मानण्याबाबत

निघोज्याच्या एका गिअर कंपनीच्या ऑफिसात कस्तुराबाई सोळा वर्षं चहा करत होत्या. परदेशी पाहुणे येणार हे ठरलं, तसं साहेबांनी कॉफीचं काउंटर काढलं आणि बजावलं, "पहिली पिशवी तुम्हीच निवडा. पंधरा दिवसांत ती संपली तर काउंटर तुमचं. नाही संपली तर बटणाचं मशीन बसवू."

कस्तुराबाई आयुष्यात एकदाच कॉफी प्यायल्या होत्या, भाचीच्या लग्नात, चहा संपला म्हणून. त्यांनी रहाटणीहून ओळखीतल्या मैत्री नावाच्या मुलीला बोलावलं. तिचं कॉफी भाजायचं छोटं दुकान होतं. तिने तीन कप ठेवले.

पहिला इथिओपियाचा. कस्तुराबाईंनी तोंड वाकडं केलं. "यात लिंबू कुणी पिळलं गं?"

"कुणी नाही, मावशी. आफ्रिकेची कॉफी बहुधा अशीच, आंबटगोड, फुलांच्या वासाची. कोरी प्यावी."

दुसरा इंडोनेशियाचा, सुमात्रा बेटावरचा. दाट, आंबटपणा कमी. "ओल्या मातीचा वास येतोय. मसाल्याच्या डब्याचाही."

"बरोब्बर."

तिसरा ब्राझीलचा. कस्तुराबाईंनी कप पुन्हा तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "भाजलेले शेंगदाणे. आणि मागून चॉकलेट."

"दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच कॉफ्या अशाच असतात. इथले लोक कशी पितात?"

"दूध आणि दोन चमचे साखर. पाहुणे चार दिवसांचे, हे चाळीस जण रोजचे."

त्यांनी तिन्ही कपांत दूध घातलं. इथिओपियाची नासलेल्या दुधासारखी लागली, सुमात्राची औषधासारखी. ब्राझीलचा कप त्यांनी संपवला.

तेवढ्यात खरेदी विभागाचा ज्ञानेश फॉर्म घेऊन आला. "ब्राझील चालणार नाही, मावशी. मंजूर यादीत फक्त युरोप आहे. आपली सगळी मशीनं तिथूनच येतात."

"युरोपात कॉफी पिकते का रे?"

"पिकत नसेल, पण यादीत आहे ना!"

मैत्री म्हणाली, "दादा, तिथे नुसती भाजतात आणि पितात."

"मग माझ्या फॉर्मचं काय करू?"

"आधी हे पी," कस्तुराबाईंनी दूध घातलेला ब्राझील त्याच्या हातात दिला. ज्ञानेशने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि पेन काढलं. सुट्या भागांत फरक निघाला की तात्पुरती सवलत मागतात, तोच कागद त्याने भरला: 'ब्राझीलला तीन महिन्यांपुरता युरोप मानण्यात यावं. कारण: चव.' पाच साहेबांनी सह्या केल्या. गुणवत्तावाल्याने विचारलं, "खंडाची मोजमापं तपासली का?"

पिशवी नऊ दिवसांत संपली. पाहुणे कोरी प्यायले, बाकीचे दूध घालून.

साहेब काउंटरवर आले. "काउंटर तुमचं, कस्तुराबाई. पण ही सवलत फक्त तीन महिन्यांची आहे."

"मग पुढं?"

साहेबांनी गंभीरपणे विचार केला. "तोवर बघू, युरोपात पिकायला लागते का."

कस्तुराबाईंनी दुसऱ्या पिशवीचं तोंड कापलं.