रामरामाला उत्तर

माझ्या दादाला गोदामाच्या गेटवर बंदी घातली तेव्हाच ठरवलं होतं, या मॅनेजरला सोडायचं नाही.

भिवंडीजवळ वडप्याच्या या गोदामात गाडी लावायची तर ड्रायव्हरने आधी फोन करून नंबर लावायचा. पूर्वी ते फोन मी घ्यायची. मग मशीन आलं. मशीन 'स्वागत आहे, बोला' म्हणायचं, आणि त्याने काय काय बोलायचं ते लिहायचं काम माझ्याकडे आलं.

रेकॉर्डिंग ऐकताना कळलं, आपली माणसं 'राम राम' किंवा 'सलाम' म्हणतात आणि थांबतात. समोरून उत्तर आल्याशिवाय कामाचं बोलायची आपल्याकडे रीत न्हाय. मशीनला राम राम ऐकू जायचा, पण त्यात गाडीचा नंबर नसायचा. मी लिहिलं होतं, आधी राम राम घाल, मग नंबर विचार. मॅनेजरने ते खोडलं. "मशीन काय पाहुणचार करणार?" त्याने आपलं वाक्य घातलं: 'आपला आवाज येत नाही. धन्यवाद.' आणि फोन कट.

दादाचा फोन असाच पुन्हा पुन्हा कापला गेला. नंबर लागेना, म्हणून तो टेम्पो घेऊन सरळ गेटवर गेला आणि भांडला. मॅनेजर म्हणाला, फोनवर मुका बसतो नि इथे तोंड चालवतो, याला पुन्हा आत घेऊ नका. दादाचं सगळं भाडं या एकाच गोदामाचं. घरी तो जेवताना मान वर करत नव्हता. माझं डोकं फिरलं होतं.

गोदामाचे मालक, आमचे शेठ, जुने कोकणी मुसलमान. महिन्याच्या मीटिंगला आले तेव्हा मी गोड आवाजात म्हटलं, "शेठ, साहेबांची नवी लाइन एकदा लावून बघा ना."

शेठनी फोन स्पीकरवर लावला. "सलाम आलेकुम," म्हणाले आणि थांबले.

'आपला आवाज येत नाही. धन्यवाद.'

शेठचा फोन भिवंडीत कुणी कापत नाही. मॅनेजर घाईघाईने म्हणाला, "शेठ, आपण काही बोललाच नाहीत."

"मग सलाम कुणी केला?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग मी दादाच्या कापलेल्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं आणि गेटवरच्या बंदीचं सांगितलं. शेठनी तिथल्या तिथे बंदी उठवली, आणि म्हणाले, नवीन वाक्यं हिने लिहायची, बोलायची मात्र या मॅनेजरनेच, याच्या आवाजात.

मी लिहिलं: 'राम राम. मी मशीन आहे, ऐकतोय. गाडीचा नंबर सांगा.' सलाम करणाऱ्याला 'वालेकुम सलाम'. त्यावरही कुणी गप्प राहिलं, तर फोन कापायचा नाही, मॅनेजरच्या टेबलावर द्यायचा. रेकॉर्डिंगच्या वेळी त्याच्याकडून राम राम परत परत म्हणवून घेतला. "साहेब, अजून जरा आपुलकीने."

आता दादा नंबर लावतो तेव्हा राम राम म्हणतो आणि गप्प बसतो. मशीन विचारतं, तरी गप्प. मग टेबलावरचा फोन वाजतो आणि मॅनेजर स्वतः म्हणतो, "राम राम, बोला."

"हां," दादा म्हणतो, "आता येतोय आवाज."