पत्रातली तिसरी पायरी

निवडीच्या सभेत मला डुलकी लागली, आणि जागा झालो तेव्हा मी क्लबचा सचिव होतो. शिवाजी पेठेतल्या जुन्या फुटबॉल खेळाडूंचा हा क्लब. आता आम्ही गोलांपेक्षा गुडघ्यांवर जास्त बोलतो. निम्मे जण बाहेरगावी, म्हणून रविवारी सकाळी आठला मोबाइलवर सभा. जुन्या ॲपात चाळीस मिनिटं झाली की सभा आपोआप तुटायची, तीही भांडण रंगात आल्यावर. शेवटी दुसरं ॲप घ्यायचं ठरलं.

मी सगळ्यांना पत्र धाडलं. एक, ॲप उतरवून घ्यावं. दोन, ग्रुपवरची लिंक दाबावी. तीन, आपलं पूर्ण नाव लिहावं. चार, थांबावं, सचिव आत घेतील. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला सचिव! खाली ठसठशीत ओळ टाकली: अनोळखी नावास प्रवेश नाही. बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, पासपोर्टच मागा की.

आमचे गोलकीपर खुब्याचं हाड मोडल्यापासून कसबा बावड्यात लेकीकडे पडून होते. आमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. अख्खी पेठ त्यांना ‘गोली’ म्हणायची. रविवारची सभा हेच त्यांचं बाहेर जाणं. लेक सांगायची, आदल्या दिवशीच दाढी करून घेतात.

नव्या ॲपवरच्या पहिल्या रविवारी पत्र कुणी वाचलंच नव्हतं. सगळे टोपणनावांनी आले, मी आत घेतले. एकच नाव पूर्ण आलं, वडिलांच्या नावासकट. कोण पावणं हे? नाकारलं. पुन्हा आलं, पुन्हा नाकारलं. मग ॲपनंच त्या नावाला पुन्हा विचारू देणं बंद केलं. वर मी सभेत फुशारकी मारली, बघा, बंदोबस्त कसा आहे.

सभा संपल्यावर पाहिलं तर गोलींच्या लेकीच्या नंबरवरून चार कॉल. मी फोन लावला. गोलींनीच उचलला.

“का रं मर्दा, मला भाईर काढलास व्हय?”

तीस वर्षांत त्यांचं नाव विचारलं नव्हतं, हे मला सांगता येईना. नाव ओळखलं नाही, एवढंच पुटपुटलो.

ते हसले, पण हसता हसता खोकला लागला. “बरोबर हाय की. वळख न्हाय त्याला आत सोडायचं न्हाय. पर लेका, तासभर मी तसाच बसून हुतो.”

पुढच्या रविवारी पहिलं तुम्हालाच घेतो, मी म्हणालो.

गुरुवारी ते गेले. लेकीनं ग्रुपवर कळवलं, वडिलांचं पूर्ण नाव लिहून. लगेच एकेकाचे प्रश्न यायला लागले. कोण हे? आपल्यातलेच का? चुकून आला का हा मेसेज?

ते नाव ओळखणारा ग्रुपमध्ये मी एकटाच होतो. मी टाइप केलं: आपले गोली.