लोखंड नव्हतं तरीही

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझ्या काकांचं गोडाऊन आहे. हमालाला गंजका पत्रा जरा लागला, की काका त्याला रिक्षात कोंबायचे. "जा, इंजेक्शन घे! धनुर्वात व्हईल!" स्वतः मात्र खुर्चीत बसून फोनवर ओरडायचे, त्यामुळे त्यांना काही लागायचंच नाही. इंजेक्शनही नाही.

मग गावच्या गोठ्यात त्यांच्या तळपायात बांबू घुसला. त्यांनी दिसला तेवढा उपटला, हळद भरली, वरून पट्टी करकचून बांधली.

"काका, इंजेक्शन?"

"बांबू हाय तो. लोखंड नाय!"

आठवड्याभराने जेवताना मी त्यांचीच नक्कल करत होतो, फोनवर ओरडणारी. माझ्या नकलांना काका कधीच हसले नव्हते. त्या दिवशी हसले. भुवया वर, तोंडाचे कोपरे ताणलेले, सगळे दात बाहेर. मी खूश! परत केली, आणखी मोठ्यानं. काका हसतच राहिले.

काकी म्हणाली, "अवो, घास तरी घ्या." घास जाईना. जबडाच उघडत नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी काकांचा चेहरा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "जखम कुठे आहे?" पायात बांबूचा तुकडा आतच राहिला होता.

"पण गंज नव्हता," मी म्हटलं.

"जंतू माती-शेणात असतात. बंद जखमेत हवा नसते, तिथे ते वाढतात. त्यांचं विष नसांतून मज्जारज्जूत जातं. स्नायूंना सैल करणारा ब्रेकच निकामी होतो."

लसीचा पहिला डोस दिला, विषाविरुद्धचं इंजेक्शनही लगेच दिलं. पण ते फक्त मोकळं फिरणारं विष मारतं, नसांना चिकटलेलं नाही. त्यावर वेळ हेच औषध. तुकडा काढून जखम साफ केली. मग आयसीयू. गळ्याला भोक पाडून नळी, श्वासाचं मशीन, खोलीत अंधार. दाराबाहेर पाटी: आवाज करू नका.

आमच्या घरातला लाउडस्पीकर म्हणजे मी. आत गेलो तेव्हा मी शांत होतो, पण खिशातला फोन शांत नव्हता. रिंगटोन वाजली आणि काका धनुष्यासारखे वाकले, टाचा आणि डोकं तेवढं गादीवर. शुद्धीत होते, डोळे माझ्याकडे. सिस्टरनं औषध वाढवलं, मला दंडाला धरून बाहेर काढलं. काकांचं ब्लडप्रेशर कधी आभाळाला, कधी पाताळात. त्या दिवशी मला वाटलं, गेले काका. माझ्यामुळे.

काही आठवड्यांनी ते घरी निघाले. डॉक्टरबाई लसीचा दुसरा डोस घेऊन आल्या.

"आता कशाला?" काका घोगऱ्या आवाजात. "येवढं भोगलं. आता परत नाय व्हनार."

"होऊ शकतो. एवढ्याशा विषाने आजार होतो, पण शरीराला त्याची ओळख पटायला ते कमी पडतं. म्हणून लस."

काकांनी उसासा टाकला, माझा हात धरून पुढे केला. "आदी याला द्या. याचा पन इंजेक्शनांचा रेकॉर्ड काय धड नाय."

सुई बघून मी किंचाळलो. सिस्टर म्हणाली, "शू!"