बाथ, बफर आणि वहिनी

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात मी अकरा वर्षं होते. इम्पोर्टची कागदपत्रं बघायचे. कारखाना दुसऱ्या मालकाकडे गेला, आमचा विभाग मुंबईच्या ऑफिसात विलीन झाला, आणि मी घरी बसले. मग उल्हासनगरला एका दीदींकडे नोकरी मिळाली. दीदी सिंधी, वयाने माझ्याएवढ्याच, लग्नाचे सोहळे आयोजित करून द्यायचा व्यवसाय. त्यातही परदेशातली लग्नं जास्त. मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं, "डॉलर, बाथ, दिरहम, ये सब का हिसाब कर लेगी ना?" मी हो म्हटलं. कास्टिकची पिंपं काय आणि समुद्रकिनाऱ्यावरचा मांडव काय, बिल परकीय चलनात आलं की गणित तेच.

पहिल्याच वर्षी आमचे जुने सर ऑफिसात आले. कारखान्यात ते परचेस हेड होते आणि मी त्यांच्या हाताखाली शिकले होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मला काउंटरमागे बघून ते जरा थबकले, मग म्हणाले, "तू इथे? मग बरंच झालं."

त्यांची मुलगी सिंगापूरला नोकरीला, होणारा जावई ऑस्ट्रेलियात. दोघांनाही आठवड्याभराच्या वर रजा नाही. म्हणून थायलंडमधलं समुद्राकाठचं एक हॉटेल मुलीने पसंत केलं होतं. आपल्याकडची चाळीस माणसं, मुलाकडची साधारण तेवढीच. त्यांची तिकिटं त्यांची ते काढणार आणि त्यांच्या खोल्यांचे पैसेही ते हॉटेलला थेट देणार, हे आधीच ठरलेलं. सरांच्या वाट्याला आपल्या माणसांच्या खोल्या, जेवण, मांडव आणि आपली तिकिटं.

मी अंदाजपत्रक केलं. हॉटेल आणि तिथलं सगळं मिळून सात लाख बाथ. बँकेचा विक्रीचा दर त्या दिवशी दोन रुपये साठ पैसे, म्हणजे अठरा लाख वीस हजार. तिकिटं, गुरुजी, आमची फी असा इथला रुपयातला खर्च साडेसहा लाख. त्याखाली मी सवयीने एक ओळ टाकली, दरवाढीसाठी राखीव, बाथच्या रकमेवर सात टक्के, एक लाख सत्तावीस हजार चारशे. बँक जो टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्यावरचा आगाऊ कर, कापणार होती तो मी शेवटी वेगळा लिहिला. रिटर्न भरल्यावर त्याचा हिशोब होतो, पण तोवर पैसे अडकतात, एवढं सरांना कळावं म्हणून.

सरांनी कागद वाचला आणि बोट नेमकं राखीवच्या ओळीवर ठेवलं.

"ही काढ."

मला वाटलं चेष्टा करताहेत. आजच्या दराने पुढच्या मालाची किंमत लावायची नाही, हे मला याच माणसाने शिकवलं होतं. एकदा मी तशी लावली होती तेव्हा त्यांनी अख्खं कॉस्टिंग माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं होतं.

"सर, पैसे तीन टप्प्यांत जाणार आहेत. तीस टक्के करार करताना, चाळीस टक्के लग्नाच्या नव्वद दिवस आधी, उरलेले तीस टक्के महिनाभर आधी. मधे आठ महिने आहेत."

"ते मला सांगतेस?" ते रागावले नव्हते. आवाज उलट खाली आला होता. "घरी मी पंचवीस सांगितलेत. तुझी ही ओळ धरली की सव्वीसला टेकतं. तुझ्या वहिनींनी हा आकडा बघितला तर त्या म्हणतील, कल्याणला हॉल घ्या. आणि पोरीला मी शब्द दिलाय. कागदावर पंचवीसच्या आत दाखव, पुढचं मी बघतो."

मी ओळ काढली. चोवीस लाख सत्तर हजार. प्रिंट काढताना दीदी मागे उभ्या होत्या. त्यांनी बघितलं. सर गेल्यावर म्हणाल्या, "बफर हटाया ना? कल उनकी घरवाली पूछेगी तो जवाब तू देना."

उद्या नाही, पाच दिवसांनी विचारणं आलं. वहिनी एकट्याच आल्या. मी त्यांना कारखान्याच्या हळदीकुंकवाला दोनतीनदा भेटले होते, तेवढीच ओळख. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी आधी खालच्या दुकानातून ब्लाउजचं अस्तर घेतलं, मग वर आल्या. पिशवीतून माझाच कागद काढला. त्यावर पेन्सिलीने खुणा होत्या.

"अगं, हे बाथ म्हणजे त्यांचे पैसे ना? हा दोन साठ भाव कधीचा?"

"त्या दिवशीचा, वहिनी."

"आणि पैसे आपण देणार कधी?"

मी टप्पे सांगितले. त्यांनी ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतले. मग टप्प्यांवर पेन्सिल टेकवली.

"म्हणजे तीस टक्के जवळजवळ आजच्या भावाने. बाकी सत्तर टक्के कुठल्या भावाने, ते आज कोणालाच माहीत नाही. मग त्याची सोय यात कुठेय?"

त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं. खोटं बोलणं मला जमलं नसतं आणि खरं बोलणं म्हणजे सरांना उघडं पाडणं.

"होती का सोय?" त्यांनीच विचारलं.

"होती."

"यांनी काढायला लावली?"

मी मान हलवली. वाटलं, आता हा कार्यक्रम मोडला. वहिनी मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव तो कागद. पंचवीसच्या आत कसं बसवायचं ते बघू."

पुढचा तास-दीड तास मला आजही आठवतो. त्यांनी प्रत्येक ओळीला प्रश्न विचारला. सात टक्केच का, दहा का नाही? मी म्हटलं, मागच्या दोन वर्षांतले चढउतार बघून दीदींनी पाच ते आठच्या मधे धरायची सवय ठेवली आहे. जास्त धरलं तर लोक उगाच घाबरतात, कमी धरलं तर उपयोग नाही. भाव उतरला तर? तर पैसे तुमच्याकडेच राहतात, आम्ही ते घेत नाही. आज सगळेच पैसे पाठवून टाकले तर? तर भाव पक्का होईल, पण माणसं कमी झाली तर दिलेले पैसे हॉटेल परत करणार नाही. लग्नाच्या साठ दिवस आधीपर्यंत काही खोल्या सोडता येतात, आणि त्या शेवटच्या हप्त्यातून वजा होतात.

"म्हणजे हप्ता नुसता सोयीसाठी नाही," त्या म्हणाल्या. "मधे विचार बदलायलाही आहे."

मी अकरा वर्षं हप्त्यांची कागदपत्रं केली होती, पण असं कधी स्वतःशी म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी पेन्सिलीने दोन ओळी खोडल्या. पहिल्या संध्याकाळचा बँड, बावीस हजार बाथ. ऑर्किडची कमान, अठरा हजार. "कमानीखालून दोन मिनिटं जायचं, त्याला एवढे कशाला? आणि बँडच्या आवाजात माणसं एकमेकांशी बोलणार कशी?" आता बाथची रक्कम सहा लाख साठ हजार झाली. रुपयांत सतरा लाख सोळा हजार, राखीव एक लाख वीस हजार, इथला खर्च साडेसहा. सगळं मिळून चोवीस लाख शहाऐंशी हजार.

"हे यांना दाखवू नकोस," उठताना त्या म्हणाल्या. "बँड आणि कमान मला नको म्हणून मी काढलं, एवढंच मी सांगते. राखीवचे पैसे मी माझ्या खात्यात ठेवते."

"पण वहिनी, सरांना कळायला नको का?"

"कळेल. त्यांना आत्ता माझी भीती वाटतेय, ती आधी जाऊ दे."

करार झाला, पहिला हप्ता दोन साठच्या दरानेच गेला. मी दोघांशीही वेगवेगळं बोलत राहिले. सर फोन करायचे तेव्हा दराबद्दल मुद्दाम काही विचारायचे नाहीत. वहिनी मात्र दर सोमवारी विचारायच्या. दोन बासष्ट. दोन पासष्ट. दोन सत्तर.

दुसऱ्या हप्त्याच्या वेळी दर दोन चौऱ्याहत्तर झाला होता. दोन लाख चौसष्ट हजार बाथ पाठवायचे होते, म्हणजे कागदापेक्षा छत्तीस हजार नऊशे साठ रुपये जास्त. सर ऑफिसात आले. आधी पाणी प्यायले.

"माझंच चुकलं," म्हणाले. "आता हे घरी कोणत्या तोंडाने सांगू? आणि भाव असाच चढला तर? असं करू, तिसरा हप्ताही आजच पाठवून टाकू."

"सर, खोल्यांचा आकडा अजून पक्का नाही. महिनाभर थांबू. आणि वरचे पैसे वहिनींना विचारा."

"त्यांना काय विचारू?"

"विचारा तर खरं."

ते तिथूनच वहिनींशी बोलले. मी उठून बाहेर जायला लागले, तर त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली. पलीकडून वहिनी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. सर बराच वेळ नुसतं "हं" म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पाच दिवसांत येऊन गेल्या होत्या इथे?"

"हो, सर."

"आणि मी आठ दिवस झोपलो नव्हतो, आकडा कमी करून दाखवला म्हणून." ते हसले, पण हसू पुरतं आलं नाही. "तुला मी ते करायला लावलं, ते बरं नव्हतं."

मी म्हटलं, "मीही केलं ना, सर."

पुढच्या महिन्यात वहिनींच्या बहिणीच्या यजमानांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्या घरातले चौघे येऊ शकणार नाहीत असं कळलं. दोन खोल्या, तीन रात्री, चोवीस हजार बाथ. मुदतीच्या आत मी हॉटेलला कळवलं आणि तेवढे शेवटच्या हप्त्यातून कमी झाले. तो हप्ता गेला तेव्हा दर दोन ऐंशी होता. कागदावर धरला होता त्याच्यापेक्षा साडेसात टक्क्यांहून जास्त वर, तरी राखीव पुरून उरलं, कारण पहिला हप्ता जुन्या दराने कधीच गेला होता. वहिनींच्या खात्यात अठ्ठेचाळीस हजार दोनशे चाळीस शिल्लक राहिले.

लग्न छान झालं. मी गेले नव्हते, दीदी गेल्या होत्या. फोटो बघितले, तर वहिनी वाळूत अनवाणी उभ्या, बाजूला मुलाची आई, दोघी कशावर तरी पोट धरून हसताहेत.

परतल्यावर दोघं माझ्या बदलापूरच्या घरी, हेंद्रेपाड्याला, पेढे घेऊन आले. चहा झाल्यावर वहिनींनी पर्समधून बाथची एक नोट काढून मला दाखवली. मी इतकी वर्षं हिशोब करते, पण ती नोट हातात कधी घेतली नव्हती.

"मला एक सांग," त्या म्हणाल्या, "हा भाव का चढला? आपण काय केलं, त्यांनी काय केलं?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पर्यटकांचा हंगाम, सोनं, डॉलर, व्याजदर. चांगली दहा मिनिटं बोलले. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी त्यांनी नोट पुन्हा घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," सर म्हणाले. "नक्की नाही."