राजमतीच्या हातातलं कांकण

गुजरीत, सराफांच्या गल्लीत, राजमतीबाई खडे पारखायची, आणि खोटं दिसलं की गिऱ्हाइकाच्याही अंगावर जायची. केरबा लेकीसाठी घेतलेलं हिरव्या जेड दगडाचं कांकण सोन्यानं मढवायला घेऊन आला, तेव्हा तिनं ते आधी दोऱ्याला टांगलं आणि त्यावर नाणं मारलं. खणखणीत नाद यायला हवा होता, पण फुटक्या मडक्यासारखा आवाज आला.

"जेडाइटच हाय, भारीतलं जेड; स्वस्त नेफ्राइटपेक्षा जड लागतंय," भिंग लावत ती म्हणाली. "पण तेजाबात धुऊन आत राळ भरलीय, वर रंग पाजलाय. बघा की पावणं, हिरवा रंग बारीक भेगांत साचलाय. सोनाराच्या ज्योतीजवळ नेलं तर राळ जळंल. कुठल्या चोरानं गळ्यात मारलं?"

केरबानं कांकण परत हातात घेतलं. मग खाली बघत म्हणाला, "तुमच्या लेकानंच, पारसनं दिलं. आईनं पारखलंय म्हणाला."

 राजमतीबाईनं हाताला साबण लावून स्वतःचं जेडचं कांकण काढलं. पोटच्या लेकानं दिलेलं, म्हणून ते तिनं कधी तपासलंच नव्हतं. आता तिनं ते दोऱ्याला टांगलं आणि नाणं मारलं.

आवाज तोच आला.