अकराव्या पायरीखाली उभा असलेला माणूस

पायऱ्या मोजायची सवय मला त्यानंच लावली, म्हणून आधी त्याच्याबद्दलच सांगतो.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला बांधकामाच्या सरकारी कचेरीत मी नकाशे काढायचो आणि तो ओव्हरसियर होता. दोघंही मराठी घरातले. राजधानी भोपाळला गेल्यावर नागपूरकडचे साहेब गेले, भोपाळकडचे आले, फायली हिंदीत झाल्या. पण आम्ही दोघं एकमेकांशी घरच्याच बोलीत बोलत राहिलो. लग्नाआधी दोन वर्षं एकाच खोलीत भाड्यानं राहिलो. त्या खोलीच्या चौकटीवर एकदा गंमत म्हणून आम्ही पेन्सिलीनं आमच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या. तो साडेपाच फूट भरला, मी त्याच्याहून दोन इंच जास्त. ते दोन इंच त्याला फार झोंबले. पुढं कितीतरी दिवस तो मला ‘लंबू’ म्हणायचा.

नोकरीला लागलो त्या वर्षी त्यानं मला वैनगंगेच्या घाटावर नेलं आणि विचारलं, "हा घाट किती उंच, सांग." मी टेप काढायला लागलो. तो हसला. म्हणाला, "कायले एवढा पसारा? एक पायरी मोज. बाकीच्या मोजून गुण. फोटो असला तं घरी बसून होते. फक्त पहिली पायरी धरू नको, ते मातीत गाडल्या जाते. मधली धर. आन् वरचा काठ विसरू नको, तो बी एक चढ असते." मी मधली पायरी मोजली, पायऱ्या मोजल्या, गुणाकार केला. मग टेप लावून पाहिलं तर चार बोटांचाही फरक नव्हता. मला तो माणूस त्या दिवशी फार मोठा वाटला. खोटं कशाला बोलू, नंतरही बरीच वर्षं वाटत राहिला.

माझी ताई नदीकाठच्या एका गावात दिली होती. एका पावसाळ्यात त्या गावात पाणी शिरलं. ताई तान्ह्या पोराला पातळाच्या पदरानं पोटाशी बांधून चिंचेच्या झाडावर बसली आणि उजाडल्यावर नावाडी येईपर्यंत तिथंच राहिली. त्यानंतर आभाळ नुसतं गडगडलं तरी ती अन्नाला शिवायची नाही. पाणी उतरल्यावर देवळाच्या भिंतीवर त्याचा डाग राहिला. पाहणीत निघालं की गावाच्या मधल्या पटांगणात पाणी बारा फूट चढलं होतं.

म्हणून त्या पटांगणात शाळा बांधायची ठरली, तेव्हा साहेबांनी हुकूम काढला: जोतं उंच घ्या, गच्ची जमिनीपासून चौदा फुटांवर ठेवा, आणि बाहेरून पक्का जिना द्या. पूर आला की गावानं गच्चीवर जायचं. नकाशा माझ्याकडे आला. म्हातारी माणसं आणि लेकरं चढणार म्हणून मी पायरी मुद्दाम ठेंगणी धरली, सहा इंचांची. अठ्ठावीस चढ, चौदा फूट. मीटर-सेंटीमीटर कागदावर आले होते, पण मिस्त्री लोक फूट-इंचांतच बोलत, म्हणून आम्ही कोपऱ्यात तेही लिहून द्यायचो. ते काम माझ्या मित्राकडे गेलं. मला हायसं वाटलं, कारण तो ताईच्या घरी जेवलेला होता आणि भाऊबीजेला माझ्याबरोबर तिच्या पाटावर बसलेला होता. ती त्याला ‘भाऊ’ म्हणायची, आणि मला नुसतं ‘अरे’.

काम संपल्यावर जसं बांधलं तसा नकाशा पुन्हा काढायचा असतो. ओव्हरसियर मापं आणतो आणि ड्राफ्ट्समन ती उतरवून सही करतो. ड्राफ्ट्समननं जागेवर जायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. तो मापं घेऊन आला आणि म्हणाला, "जिना थोडा बदलला. जागा कमी पडत होती. एकवीस चढ केले, आठ-आठ इंचाचे. उंची तेवढीच."

एकवीस आठे एकशे अडुसष्ट. बारानं भागलं तर चौदा फूट. हिशोब चोख होता. माझ्या ठेंगण्या पायऱ्या गेल्याचं थोडं वाईट वाटलं, पण तेवढंच. मी एकवीस काढल्या, आठ लिहिलं आणि सही ठोकली.

त्यानं स्टुडिओवाल्याला नेऊन कामाचा फोटोही काढून आणला होता. एक प्रत फाइलला, एक ताईला, एक मला. फोटोत जिना बाजूनं दिसत होता, आणि जिन्याच्या भिंतीला पाठ टेकून, हाताची घडी घालून आमचा हा उभा. डोक्यावर टोपी नाही, केस चापून बसवलेले. जसा काही जिना त्याच्या बापानं बांधला. मी हसलो आणि फोटो घरी आरशाच्या फटीत खोचून ठेवला.

उन्हाळ्यात एका सकाळी दाढी करताना माझी नजर त्या फोटोवर गेली. सवयीनं पायऱ्या मोजल्या. वीस पायऱ्या आणि गच्चीचा काठ धरून एकवीस चढ. बरोबर होतं. मग तो कुठं उभा आहे ते पाहिलं. तो अकराव्या पायरीच्या बरोबर खाली उभा होता आणि त्याचं डोकं त्या पायरीच्या काठाला टेकलं होतं.

साबण गालावर वाळत होता. आठ इंचांचे अकरा चढ म्हणजे सात फूट चार इंच. आणि हा लेकाचा साडेपाच फुटांचा! चौकटीवर खूण आहे त्याची. तो भिंतीला चिकटून उभा होता, तेव्हा जवळ-लांबचा घोळही नव्हता. साडेपाच फुटांचे अकरा भाग केले तर एक चढ सहा इंचांचा. पायरी माझीच ठेवली होती त्यानं, फक्त सात चढ खाऊन टाकले होते.

तरी मनात म्हटलं, फोटो आहे, चुकत असेन. खरं तर चुकावं असंच वाटत होतं. त्याच रविवारी पहिल्या बसनं ताईच्या गावी गेलो. घरी न जाता आधी शाळेत गेलो. पहिली पायरी मुरमात रुतलेली होती, ती सोडली. मधली मोजली. सहा इंच. तिच्या वरची मोजली, खालची मोजली. सहाच. एकवीस सक एकशे सव्वीस, म्हणजे साडेदहा फूट. जोतंही दोन पायऱ्यांचंच होतं. बारा फूट पाणी पुन्हा आलं तर गच्चीवर दीड फूट पाणी, आणि त्यात ताई, तिची लेकरं आणि सगळं गाव. निदान चिंच तरी उंच होती.

सोमवारी मी त्याला कचेरीमागच्या चहाच्या टपरीवर गाठलं आणि फोटो त्याच्यापुढं धरला. म्हटलं, "तुहं डोकं कोणत्या पायरीले टेकलं आहे, मोज."

त्यानं मोजलं नाही. पाहिल्याबरोबर त्याला कळलं. शिकवणाराच तो. चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "ठेकेदार वरच्या साहेबाचा माणूस आहे. मी काय करणार होतो?"

"मले सांगायचं होतं."

"तुले सांगून तू सही केली असती काय?"

हे त्यानं अगदी सहज विचारलं. म्हणजे आठचा आकडा त्यानं घाईत लिहिला नव्हता. मी चौदाच शोधणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून एकवीसला कशानं गुणलं की चौदा फूट येतात, ते त्यानं आधी बसून काढलं होतं. माझ्यासाठी, खास. त्यानं घाटावर मला दिलेला हिशोब उलटा फिरवून माझ्याच हातात ठेवला होता.

"ताई हाय तिथं," मी म्हटलं.

"माहीत हाय मले. पूर काय दरसाल येते? आलाच तं तवाचं तवा पाहू." आणि माझ्या चहाचे पैसेही त्यानंच दिले.

मी लेखी अर्ज केला. साहेबांनी फाइल मागवली, नकाशा उलगडला आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. "नक्शा तो आपके हाथ का है. आठ इंच आपने लिखा है." मी सगळं सांगितलं, फोटो दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा पाहून परत दिला आणि जागेवर पुन्हा मोजमाप करायचा हुकूम लिहिला. पद्धतीप्रमाणे मोजमापाचं काम त्या भागाच्या ओव्हरसियरकडे गेलं. म्हणजे त्याच्याकडेच. महिन्याभरात उत्तर आलं: मापं नकाशाप्रमाणे बरोबर आहेत. पावसाळ्याआधी माझी बदली बैहरला झाली. तो मला बसवर पोचवायला आला होता. माझी वळकटी टपावर चढवून द्यायलाही त्यानं हात लावला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

जायच्या आधी ताईला सांगून आलो होतो. गच्ची ठरल्याहून ठेंगणी झाली आहे, पाणी चढायला लागलं की शाळेत जाऊ नको, गावाबाहेरच्या टेकडीवर जा, असं दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "हौ." मला वाटलं, ऐकलं.

त्याच पावसाळ्यात नदी गावात शिरली. बैहरहून येणाऱ्या वाटा बंद होत्या. मी पोचलो तेव्हा पाणी उतरून चिखल वाळत होता. ताई ओसरीत बसून धान्य निवडत होती. पोरं धडधाकट होती. मला रडू आलं.

"टेकडीवर गेलती ना?" मी विचारलं.

"टेकडीवर कायले? गच्चीवर होतो सारे. भाऊनं बांधली ना. लेकरं तं खेळून राह्यले होते वर."

मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी आकड्यांसकट. तिनं सूप खाली ठेवलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. "तुमी दोघं भांडले, हे समजलं मले," ती म्हणाली. "तो आलता पाणी उतरल्यावर. गावानं हार घातला त्याले. तो तुह्याबद्दल वाकडं एक शब्द नाही बोलला. तूच बोलून राह्यला."

मग ती उठली. देवाच्या फळीशेजारी तोच फोटो काचेत लावला होता. खाली ताजं कुंकू लागलं होतं. तिनं त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. "पाह्य, पाणी इथलोक आलतं. नऊ पायऱ्या बुडाल्या. आन् वर किती उरल्या, तूच मोज. तुले तं मोजता येते."

नऊ पायऱ्या, साडेचार फूट. नदी नुसती शिवून गेली होती. देवळाच्या भिंतीवरचा बारा फुटांचा डाग तिच्या ओसरीतून दिसत होता, तो मी तिला दाखवला. ती म्हणाली, "तवा गच्ची नव्हती."

मी जेवलो आणि निघालो. त्या दिवाळीला मी भाऊबीजेला गेलो, तेव्हा पाट दोन मांडलेले होते. त्याचा पाट आधी होता.