नाणं कुठल्या थरातलं?

महमूद मास्तर वर्गात "उठ रंऽ!" म्हणाले की बाकसुद्धा उठायचा. पण १९४६ साली बेलापूरजवळच्या उत्खननाची माहिती एका पाहुण्या विद्वानांना देताना, तिथं हंगामी मदतीला आलेले मास्तर स्वतःच शाळकरी पोरासारखे ताठ उभे होते.

"या सातवाहन नाण्यावरून तळची वस्ती दोन हजार वर्षांची ठरते."

पाहुणे नाकातून बोलले, "हंऽ, नाणं कुठल्या थरातलं?"

मास्तरांनी नाण्याकडं पाहिलं. खड्ड्याची कड ढासळली, तेव्हा तळाशी पडलेल्या मातीतून नाणं त्यांनीच उचललं होतं. ते वरच्या, म्हणजे नंतरच्या थरातलंही असेल. खरं सांगावं, तर पुढच्या हंगामात खोदकामाला कोण बोलावणार?

"ढासळलेल्या मातीतलं," ते पुटपुटले.

"मग वस्तीचं वय?"

"यावरून न्हाई सांगता येत, साहेब."

पाहुण्यांनी नाणं बाजूला सारलं. "हंऽ. आता जागेवर सापडलेली खापरं दाखवा."

मास्तरांनी खापरांची टोपली पुढं ओढली.